मॅनेजरची बायको

तुळजाबाईंचा धाकटा भाऊ राघोत्तम दर रविवारी मैलापूरला बहिणीकडे कॉफी प्यायला यायचा आणि कॉफीबरोबर सल्ला द्यायचा. कॉफी त्याला मागावी लागायची, सल्ला मात्र न मागता मिळायचा. आयुष्यभर एका विमा कचेरीत टेबलामागे बसून रिटायर झालेला माणूस, पण बोलायला लागला की वाटावं मद्रासचा सगळा कारभार याच्याच सहीनं चालत होता.

त्या रविवारी विषय होता सूनबाईंच्या नोकरीचा. हरिणी पोरगी झाल्यावर घरी बसली होती. त्याआधी एका दवाखान्याचे हिशेब बघायची. आता पोरगी शाळेत जायला लागली होती, आणि हरिणीनं गावातल्याच नुंगंबाक्कम भागातल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत अर्ज टाकला होता. तिथं बिलं तपासायला माणूस हवा होता. कंपनीच्या रिक्रूटर बाईंचा निरोप आला होता, एक-दोन दिवसांत फोन करते म्हणून.

गंमत अशी की त्याच कंपनीच्या शहराबाहेरच्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात हरिणीचा नवरा, म्हणजे तुळजाबाईंचा कार्तिक, परचेस मॅनेजर होता.

"फोनवर ते विचारतीलच," राघोत्तम बशीत कॉफी ओतत म्हणाला, "कंपनीत कोणी नातेवाईक आहे का म्हणून. हरिणी, तू म्हणायचं, नाही. संपलं."

"का बरं?" तुळजाबाईंनी विचारलं.

"अक्का, तुला नाही कळायचं. मोठ्या कंपन्यांत नवरा-बायको एकत्र घेत नाहीत. आणि कळणार कसं त्यांना? हिच्या कागदांवर हिच्या वडिलांचं इनिशियल. एस. हरिणी. त्याचं त्याच्या वडिलांचं, जे. कार्तिक. या गावात कार्तिक किती? समुद्रावर जाऊन कार्तिक म्हणून हाक मारलीस तर अर्धा किनारा मान वळवेल. आपल्यात आडनाव लावायची पद्धत नाही, हे एक बरं आहे बघ."

तुळजाबाईंनी भावाकडे असं पाहिलं की बशी त्याच्या ओठाशीच थांबली.

"इनिशियल वेगळं म्हणून नवरा वेगळा होतो का रे? देवाब्राह्मणांसमोर लग्न लावलं ते काय पत्रिका छापायला? माझा मुलगा तिथं मॅनेजर आहे. त्याचं नाव सांगायला माझ्या सुनेला लाज कसली?"

"लाज नाही, अक्का. शहाणपण."

"तुझं शहाणपण तू घरी ने. पानात बांधून देते."

तुळजाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. सही मराठीत करायच्या, बसचा नंबर तमिळमध्ये वाचायच्या, आणि इंग्रजी वाचणारी माणसं त्यांना वाचता यायची. तंजावरकडच्या या मराठी घरांतल्या बायकांनी मद्रासला येताना काय आणलं असेल ते असो, त्यांनी मान ताठ आणली होती. हरिणीला नोकरी लागावी असं हरिणीच्या खालोखाल कोणाला वाटत असेल तर ते त्यांना. भाजीच्या पिशवीसाठीसुद्धा नवऱ्यापुढं हात पसरणं त्यांनी उभा जन्म केलं होतं. घरातल्या दुसऱ्या बाईनं ते करू नये, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी कोणाला कधी बोलून दाखवली नव्हती.

"तू काय म्हणतोस रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

कार्तिक खिडकीशी उभा राहून फोनमध्ये बघत होता. फोनमध्ये काही नसावं, कारण बोट हलत नव्हतं.

"मामा म्हणतो ते बरोबर आहे, अम्मा. आणि खरं सांगू? तिनं आमच्याच कंपनीत कशाला यायचं? गावात कंपन्या काय कमी आहेत?"

"तुमच्या कंपनीला काय झालं?"

"मला तिथं मान आहे. उद्या लोक म्हणतील, मॅनेजरनं बायको घुसवली."

हे ऐकून मात्र तुळजाबाईंना जरा बरं वाटलं. मुलगा भित्रा असला तरी मानाचा आहे, असं त्यांनी मनात धरलं. हरिणी ओट्याशी भांडी लावत होती. तिनं पाठमोरीनंच एवढं म्हटलं, "मी खोटं बोलणार नाही. नंतर कळलं तर काढून टाकतात. आणि न काढलं तरी रोज ऑफिसात जाताना ती धास्ती कोण सांभाळणार?"

"बघ, हिला कळतं," तुळजाबाई भावाला म्हणाल्या. "आणि तू विम्याचे कागद रंगवलेस जन्मभर."

मंगळवारी सकाळी फोन आला. कार्तिक पहाटेच गुम्मिडिपूंडीच्या गाडीला गेला होता. तुळजाबाई जमिनीवर फतकल मारून शेवग्याचा पाला निवडत होत्या.

"स्पीकरवर ठेव," त्यांनी सुनेला खूण केली.

"आत्या, असं बरं नाही दिसत." सासूला आत्या म्हणायची या घरची रीत.

"मी कुठं बोलणार आहे? पाला निवडतेय मी."

रिक्रूटर रंजनी म्हणून होती. आवाजावरून तरुण, तमिळ आणि इंग्रजी एकत्र मळून बोलणारी. पण विचारत होती नीट. आधी कुठं काम केलं, कुठल्या सॉफ्टवेअरवर केलं, मध्ये किती वर्षं खंड पडला आणि का. हरिणीनं सांगितलं तशी रंजनी म्हणाली, पोरगी झाली म्हणून घरी बसणं हा काही गुन्हा नाही, मॅडम, तसं लिहा. तुळजाबाईंना ही रंजनी आवडली.

मग रंजनीनं कामाची माहिती दिली. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात माल येतो, कंत्राटदारांची माणसं काम करतात, त्या सगळ्यांची बिलं नुंगंबाक्कमच्या ऑफिसात येतात. ऑर्डर काय होती, माल किती उतरला, बिल किती लावलंय, हे तिन्ही जुळवून बघायचं आणि जुळलं तर पुढं पाठवायचं.

"ठीक आहे? आता एक नेहमीचा प्रश्न, सगळ्यांनाच विचारतो. आपल्या कंपनीत तुमचं कोणी जवळचं आहे? नवरा, भाऊ, सासरचं कोणी?"

हरिणीनं सासूकडं पाहिलं. सासूनं हनुवटी वर केली. सांग.

"हो, मॅडम. माझे मिस्टर आहेत. गुम्मिडिपूंडीला. मी आधीच सांगणार होते, म्हणजे पुढं कोणाला अडचण नको."

"छान केलंत, सांगितलंत. घाबरायचं काही नाही. आमच्याकडं नवरा-बायको आहेत की. फक्त एकानं दुसऱ्याच्या हाताखाली असायचं नाही, आणि एकाचं काम दुसऱ्यानं तपासायचं नाही. नाव आणि डिपार्टमेंट सांगा."

"जे. कार्तिक. परचेस मॅनेजर."

पलीकडं कीबोर्ड वाजला. थांबला. परत वाजला.

"मॅडम, गुम्मिडिपूंडीचे परचेस मॅनेजर वेंकट सर आहेत. बरीच वर्षं तेच आहेत."

"मग... असिस्टंट मॅनेजर असतील."

"परचेसमध्ये कार्तिक नावाचं कोणीच नाही." परत कीबोर्ड. "दोन कार्तिक आहेत आमच्याकडं, पण दोघंही होसूरच्या कारखान्यात, आणि एक तर अजून बिनलग्नाचा आहे."

तुळजाबाईंच्या हातातली काडी मोडली. त्यांनी दिलेला शब्द मोडला.

"अगं बाई," त्या फोनच्या दिशेनं तमिळमध्ये कडाडल्या, "नीट बघ की! एवढा मोठा माणूस तुझ्या मशिनीत मावत नसेल!"

मग रंजनी, हसू आवरत असल्यासारखी, "अम्मा का? नमस्कारम अम्मा. मी बघितलं नीट." मग आवाज गंभीर करून हरिणीला म्हणाली, "मॅडम, कधीकधी माणूस कारखान्यात काम करतो, पण कंत्राटदाराच्या रोलवर, म्हणजे त्याच्या पगारपत्रकावर असतो. मग तो आमच्या यादीत दिसत नाही. तसं असलं तरी सांगायलाच लागतं. तुम्ही त्यांना विचारा, कुठल्या कंत्राटदाराकडं, कुठल्या खात्यात, काय काम. उद्या संध्याकाळपर्यंत मला कळवा, तोवर मी फाइल पुढं सरकवत नाही. आणि एक सांगते, नातेवाईक असण्यानं कोणाची नोकरी जात नाही. चुकीची माहिती दिल्यानं जाते. हेच तुम्हाला फॉर्मवर लिहून सही करायची आहे."

फोन ठेवला. हरिणी भिंतीला टेकली.

"त्या पोरीला काही माहीत नाही," तुळजाबाई म्हणाल्या. "नुंगंबाक्कमला एसीत बसून गुम्मिडिपूंडी काय कळणार?"

तुळजाबाईंनी पाल्याच्या काड्या पाल्यात टाकल्या आणि पाला कचऱ्यात.

दिवसभर त्या बडबडल्या. रंजनीला नावं ठेवली, कंपनीला ठेवली, मशिनीला ठेवली. पण आतून त्यांना एकेक गोष्ट आठवायला लागली. हा कधी कारखान्यातल्या कोणाला घरी घेऊन आला नाही. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, कंपनीत घरच्यांना बोलवतात म्हणे, शेजारचा देवेश बायकापोरांना घेऊन त्याच्या कारखान्यात जाऊन आला. आमचा म्हणाला, मॅनेजर लोकांच्या घरच्यांनी येऊ नये असा नियम आहे. असा नियम! आणि त्यांनी तो गिळला होता, वर पाणी पिऊन.

आणि बढत्या. लग्न झालं तेव्हा हा म्हणाला, कंपनीत लागलोय. मग असिस्टंट झाला. मग सीनियर असिस्टंट. मग एका दिवाळीला मॅनेजर. दर बढतीला तुळजाबाईंनी मैसूरपाक केला होता, तुपात हात न आखडता, आणि इमारतीच्या चारही मजल्यांवर स्वतः चढून वाटला होता. गुडघे तेव्हाही दुखत होते.

संध्याकाळी कार्तिक आला. चप्पल काढायच्या आत आईनं विचारलं, "तुझ्या वरचा साहेब कोण?"

"का?"

"वेंकट कोण?"

कार्तिकच्या तोंडावरचा रंग पुसला गेला. त्यानं बायकोकडं पाहिलं. "तू सांगितलंस? मी नको म्हटलं होतं ना!"

"मी नवऱ्याचं नाव सांगितलं," हरिणी म्हणाली. "ते म्हणाले, असा नवरा आमच्याकडं नाही."

मग निघालं सगळं. एका दमात नाही, दात काढल्यासारखं एकेक. कार्तिक कंपनीच्या रोलवर कधीच नव्हता. एक कंत्राटदार होता, त्यानं माणसं पुरवायची, त्यातला हा. काम स्टोअर्समध्ये. ट्रक आला की माल उतरवून घ्यायचा, मोजायचा, आला म्हणून सही करायची. पहिल्या वर्षी म्हणाले होते, कायम करू. मग कंत्राटदार बदलला, परत म्हणाले. मग कोणी म्हणेनासं झालं.

"आणि बढत्या?" तुळजाबाईंनी विचारलं.

कार्तिकनं काढलेली चप्पल परत सरळ लावली.

"बढत्या कुठं झाल्या रे तुझ्या? या स्वयंपाकघरात?"

"तू दर वेळी विचारायचीस, अम्मा. मामाचा मुलगा मॅनेजर झाला, तू कधी होणार. मी काय सांगणार होतो?"

"हमाल आहे, असं सांगायचं होतंस."

"हमाल नाही मी! मी मोजतो."

"मोजतोस? मग स्वतःची उंची का नाही मोजलीस?"

हरिणीला यात हसूही आलं नाही आणि रडूही. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या वडिलांनाही मॅनेजरच सांगितलंय. मीच सांगितलं. तुझ्या तोंडचं ऐकून." एवढंच, आणि ती पोरीला जेवायला वाढायला गेली. तुळजाबाईंना वाटलं, हिनं ओरडावं. न ओरडणाऱ्या बाईपुढं त्यांच्या मुलाची फारच लाज निघत होती.

कार्तिकनं मामाला फोन लावला. राघोत्तमला सगळं सांगायचं धाडस त्याला नव्हतं. त्यानं फिरवून विचारलं, एखादा माणूस कंपनीच्या रोलवर नसेल, कंत्राटदाराचा असेल, तर नातेवाईक कंपनीत आहे असं म्हणायचं का? राघोत्तमला कायदा विचारला की त्याचा घसा साफ व्हायचा. तो म्हणाला, अजिबात नाही. रोल म्हणजे रोल. नाही असं बिनधास्त लिहायचं. आणि कोणाबद्दल बोलतोयस?

"मित्राबद्दल," कार्तिक म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा जरा जीव आला.

"बघ, हरिणी. खोटं बोलायचंच नाही. मी कंपनीत नाहीच! तू त्या बाईला सांग, माझी चूक झाली, कोणी नातेवाईक नाही. ते खरंच आहे. तुझी नोकरी होईल, आणि..." तो आईकडं बघून थांबला.

"आणि तू मॅनेजर राहशील," तुळजाबाईंनी पुरं केलं.

पण त्यांच्या आवाजात आता तेवढी धार नव्हती. कारण खरं सांगायचं तर त्यांनाही ते पटायला लागलं होतं. एक शब्द. 'नाही'. सून नोकरीला लागेल, आणि चार मजल्यांवर वाटलेला मैसूरपाक लोकांच्या पोटात राहील. राघोत्तमला कळणार नाही. व्याह्यांना कळणार नाही. मान जिथं होती तिथं राहील. मुलाचा त्यांना राग आला होता, पण राग घरात ठेवता येतो. बेअब्रू घरात राहत नाही.

त्यांनी सुनेला जवळ बसवलं.

"मला एक सांग. ते काम तुझं. नेमकं काय करणार तू तिथं?"

हरिणीनं सांगितलं. समजा गुम्मिडिपूंडीला लोखंडाचे शंभर नग आले. कार्तिक मोजणार आणि शंभर आले म्हणून सही करणार. पुरवठादार शंभराचं बिल लावणार. ते बिल आणि कार्तिकची सही माझ्या टेबलावर येणार. मी दोन्ही बघून म्हणणार, बरोबर, पैसे द्या.

"म्हणजे त्याची सही रोज तुझ्यासमोर."

"रोज."

"आणि त्यानं नव्वद मोजून शंभर लिहिले तर?"

"अम्मा!" कार्तिक ओरडला. "मी चोर आहे का?"

"तू चोर नाहीस. चोराला हिंमत लागते. मी विचारतेय, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, नवरा खोटं मोजतो आणि बायको खोटं पास करते," हरिणी म्हणाली. "तो प्रामाणिक असला तरी म्हणतील. म्हणून तर ते विचारतात, आत्या. रोल बघायला नाही विचारत."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडत होतं.

"म्हणजे तू टेबलाशी बसणार," तुळजाबाई शेवटी म्हणाल्या, "नवऱ्याची सही रोज हातात घेणार, आणि कोणी विचारलं हा कोण, तर म्हणणार, ओळखत नाही."

"तसंच म्हणावं लागेल."

तुळजाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, पण उठल्या.

"तुझ्या सासऱ्यांचं नाव मी त्यांच्या हयातीत तोंडानं घेतलं नाही. रेशनच्या दुकानात कोणी विचारलं की शेजारणीला सांगायला लावायची, जनकोजी म्हण म्हणून. पण नाव घेतलं नाही म्हणजे माणूस माझा नाही, असं कधी म्हटलं नाही. ते कसेही होते." त्यांनी कार्तिककडं पाहिलं. "आणि खरंच कसेही होते. हरिणी, तू उद्या फोन कर. जे आहे ते सांग."

"अम्मा, सगळ्यांना कळेल!"

"कोणाला कळेल? तुझ्या कारखान्यात तर सगळ्यांना आधीच माहीत आहे तू कोण ते! तिथं तू कधी खोटं बोललास? तिथं तू स्टोअर्सचा कार्तिक. खोटं बोलायला तुला आईचं घर मिळालं फक्त. आई फुकटची."

दुसऱ्या दिवशी हरिणीनं फोन केला. या वेळी स्पीकर तिनंच लावला. तिनं कंत्राटदाराचं नाव सांगितलं, स्टोअर्स सांगितलं, काय मोजतो आणि कशावर सही करतो ते सांगितलं. काल जे सांगितलं ते मला चुकीचं माहीत होतं, हेही सांगितलं. का चुकीचं माहीत होतं ते रंजनीनं विचारलं नाही. पोरीला समज होती.

"मॅडम, बरं झालं कळवलंत. पण मग ही गुम्मिडिपूंडीची जागा तुम्हाला देता येणार नाही. त्यांच्या सह्या तुमच्याकडं येतील, आणि त्यांच्या कंत्राटदाराची बिलंही. ते चालणार नाही."

हरिणी म्हणाली, "म्हणजे झालंच."

"झालं नाही. होसूरच्या बिलांचं टेबल त्याच ऑफिसात आहे, तिथलीही एक जागा निघायची आहे. पण ती एक पायरी खालची. मी तुमची फाइल तिकडं वळवू का, ते सांगा. नात्याची नोंद मी फाइलवर करते, मुलाखत घेणाऱ्यांना ती माहीत असेल, आणि गुम्मिडिपूंडीचा कोणी त्यात नसेल. मुलाखत मात्र तुम्हालाच द्यायची आहे, तिथं माझा काही उपयोग नाही."

"वळवा," हरिणी म्हणाली.

तुळजाबाईंना पायरी खालची हे अजिबात आवडलं नाही. मुलाच्या खोटेपणाची किंमत सुनेनं मोजायची, हा कुठला न्याय? त्यांनी ते त्या दिवशी कार्तिकला चार वेळा ऐकवलं, ताटात भात वाढताना, ताक वाढताना, हात धुवायला उठताना, आणि झोपायला गेल्यावर दाराबाहेरून.

मुलाखत झाली. मग काही दिवस काहीच नाही. हरिणी फोन उशाशी ठेवायला लागली. कार्तिक घरात पाय न वाजवता चालायला लागला. एकदा त्यानं धीर करून सांगितलं, की ऑफिसातून कंत्राटदाराच्या सुपरवायझरला विचारणा झाली, कार्तिकची बायको येतेय का म्हणून. सुपरवायझर हसला आणि म्हणाला, अरे, सांगितलं का नाहीस, पार्टी दे.

"हसला?" तुळजाबाई म्हणाल्या. "मग नऊ वर्षं घाबरत कशाला होतास? हसणाऱ्यांना?"

शेवटी रंजनीचाच फोन आला. होसूरचं टेबल हरिणीला मिळालं. नेमणुकीच्या पत्रात एक ओळ असेल, रंजनीनं सांगितलं, की गुम्मिडिपूंडीची बिलं तुमच्याकडं येणार नाहीत, आणि तुमच्या मिस्टरांची कामाची जागा बदलली तर दोघांपैकी एकानं कळवायचं. हरिणीनं फोन ठेवला आणि पहिल्यांदा सासूच्या गळ्यात पडली. तुळजाबाईंना हे असं गळ्यात पडणं सवयीचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सोड, दूध उतू जातंय," आणि दूध शेगडीवर नव्हतंच.

रविवारी राघोत्तम आला. कुठून तरी त्याला बातमी लागली होती. हातात मैसूरपाकचा डबा, आणि तोही दुकानातला.

"अक्का! अभिनंदन! मी म्हटलं नव्हतं? शेवटी कार्तिकचं वजन कामाला आलं. मॅनेजरच्या बायकोला कोण नाही म्हणणार?" त्यानं कार्तिकच्या पाठीवर थाप मारली. "शब्द टाकलास ना वरती?"

कार्तिक जमिनीकडं बघत होता. हरिणी ओट्याशी थांबली. कॉफीची भांडी तिच्या हातात तशीच.

तुळजाबाईंनी डबा उघडला. एक वडी उचलली, वासानं नाक मुरडलं, परत ठेवली.

"तो मॅनेजर नाही, राघोत्तम."

"अं?"

"मॅनेजर कोणी वेंकट आहे. हा तिथं कंत्राटदाराकडं आहे. ट्रकमधला माल मोजतो. पहिल्यापासून तेच करतो. मधल्या सगळ्या बढत्या याच्या पोटातल्या."

राघोत्तमचं तोंड उघडं राहिलं. मग त्यानं आवाज खाली आणला, दाराकडं पाहिलं, जसं काही दारात अख्खं मैलापूर कान लावून उभं आहे. "अक्का, हळू! हे असं बोलायचं असतं का? नातेवाइकांत कळलं तर?"

"तू नातेवाईक नाहीस? आता कळलं की. आता तू जाऊन सांगशील, म्हणजे मला मजले चढावे लागणार नाहीत."

"पण मग हिला घेतलं कोणी? कोणाच्या वशिल्यानं?"

"कोणाच्याच नाही. हिनं नवऱ्याचं नाव सांगितलं म्हणून चांगली जागा हातची गेली. दुसरी हिनं स्वतः मिळवली." त्या सुनेकडं वळल्या. "कॉफी दे गं त्याला. बशीत."

राघोत्तमनं कॉफी घेतली, पण ओतायचं विसरला. कार्तिकनं उठायला हात टेकला.

"बस," आई म्हणाली. "जातोस कुठं? तुझ्याबद्दलच चाललंय. बसून ऐक जरा. तिथं दिवसभर उभाच असतोस ना?"

कार्तिक परत बसला. हरिणीनं त्याच्यापुढं पेला ठेवला, आणि त्याच्याकडं न बघता स्वतःचा घेऊन त्याच्या शेजारी बसली.